दवाखान्यात खोली जरा मोठी घेतली आणि क्लेममधून सत्तर हजारांना कात्री? आरोग्य विम्यातलं 'रूम रेंट'चं कलम सोप्या मराठीत समजून घ्या

आरोग्य विम्याची पॉलिसी घरात असते, हप्ता दरवर्षी वेळेवर जातो, आणि तरीही डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळतं की अर्धंच बिल मंजूर झालंय. नातेवाईक विचारतात, 'अहो, तीन लाखाचा विमा आहे ना? बिल तर दीड लाखाचंपण नाही!' काउंटरवरचा माणूस एवढंच सांगतो, 'रूम रेंटमुळे कट लागली.' खोलीच्या भाड्यामुळे डॉक्टरांची फी का कापली जाते, हे तिथे कोणी समजावून सांगत नाही.

याचं उत्तर पॉलिसीतल्या एका कलमात असतं. इंग्रजीत त्याला 'प्रपोर्शनेट डिडक्शन' म्हणतात, मराठीत प्रमाणशीर वजावट. आज या एकाच कलमाची फोड करून बघूया.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं पैसे भरून घेतलेल्या आरोग्य विम्याबद्दल आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं, तिथे हे खोलीभाड्याचं गणित लागत नाही.

मूळ कलम कसं असतं?

प्रत्येक कंपनीचे शब्द थोडे वेगळे. पण कलमाचं मराठी भाषांतर केलं तर ते साधारण या धर्तीचं दिसतं:

"विमाधारकाने पॉलिसी अनुसूचीत नमूद अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक दराच्या कक्षात प्रवेश घेतल्यास, रुग्णालयात झालेल्या संलग्न वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती ही अनुज्ञेय प्रतिदिन कक्षभाडे व प्रत्यक्ष आकारलेले प्रतिदिन कक्षभाडे यांच्या गुणोत्तराच्या प्रमाणात, पॉलिसीच्या इतर अटी, शर्ती व अपवर्जनांच्या अधीन राहून करण्यात येईल, परंतु ज्या रुग्णालयात कक्षश्रेणीनिहाय भिन्न आकारणी केली जात नाही तेथे, तसेच अतिदक्षता कक्षाच्या आकाराबाबत, अशी वजावट लागू होणार नाही."

एकच वाक्य, मराठीतच आहे, पण दोनदा वाचूनही पैसे किती मिळणार ते कळत नाही. यात निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी एका दोरीत ओवल्यात. त्या सुट्या करायच्या, मग कलम समजतं.

एकेक शब्द उघडून बघू

'अनुज्ञेय मर्यादा' म्हणजे कंपनी रोजचं खोलीभाडं जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. बऱ्याच पॉलिसींत तो विमा रकमेच्या १ टक्का असतो. तीन लाखाची पॉलिसी असेल तर रोजचे ३,००० रुपये. काही ठिकाणी २ टक्के असतो. 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांकडे एकाच धर्तीवर मिळणारी पॉलिसी आहे, तिच्यात विमा रकमेच्या २ टक्के, पण रोजचे ५,००० रुपये यापेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा आहे. म्हणजे तिथे तीन लाखाला २ टक्के काढले तर ६,००० येतात, पण मिळणार ५,०००च. टक्केवारी वाचून थांबू नका, तिच्यापुढे 'कमाल' असा शब्द आहे का ते बघा.

काही पॉलिसींत रुपयांऐवजी खोलीचा प्रकार लिहिलेला असतो, उदाहरणार्थ 'सिंगल प्रायव्हेट रूम'. अशा पॉलिसीत त्या दवाखान्यातल्या साध्या सिंगल रूमचं भाडं हीच मर्यादा. त्याच्या वरची डीलक्स किंवा सूट घेतली तर कलम लागू होतं. आणि काही पॉलिसींत खोलीभाड्यावर मर्यादाच नसते. तुमच्या पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर हे कलम तुमच्यासाठी नाही.

अजून एक. पुष्कळ पॉलिसींत या मर्यादेत खोलीभाड्याबरोबर नर्सिंगचा खर्चही धरतात. दवाखान्याच्या बिलात मात्र 'रूम' आणि 'नर्सिंग' अशा दोन ओळी वेगळ्या असतात. खोली २,६०० रुपयांची आणि नर्सिंग रोजचे ७००, म्हणजे झाले ३,३००. माणूस समजतो की आपण मर्यादेत आहोत, आणि तीनशे रुपयांनी बाहेर गेलेला असतो.

'संलग्न वैद्यकीय खर्च' हा या कलमातला सगळ्यात महागडा शब्द. खोलीच्या दर्जाप्रमाणे जे खर्च वाढतात ते सगळे यात येतात. डॉक्टरांच्या रोजच्या व्हिजिट, सर्जनची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या दवाखान्यांत तेच ऑपरेशन, तेच डॉक्टर, पण जनरल वॉर्डच्या पेशंटला एक दर आणि स्पेशल रूमच्या पेशंटला दुसरा. कंपनीचं म्हणणं असं की तुम्ही वरची खोली घेतल्यामुळे हे सगळे दर चढले, तर त्या चढलेल्या भागाचा भार आम्ही का उचलायचा? कलमामागचा विचार एवढाच आहे, आणि तो अगदीच चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. अडचण अशी की ग्राहकाला हा विचार खोली घेताना कोणी सांगत नाही.

आता यात काय येत नाही ते जास्त महत्त्वाचं. विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे आयआरडीएआय. या संस्थेने जून २०२० मध्ये कंपन्यांना स्पष्ट सांगितलं की तीन गोष्टी 'संलग्न खर्चा'त धरायच्या नाहीत. पहिली, औषधं आणि वापरून टाकायचं साहित्य. दुसरी, शरीरात बसवायच्या वस्तू आणि उपकरणं, म्हणजे प्लेट, स्क्रू, स्टेंट, डोळ्यातली लेन्स वगैरे. तिसरी, तपासण्या, म्हणजे रक्त-लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन. कारण साधं आहे. जनरल वॉर्डात झोपा नाहीतर एसी रूममध्ये, सलाईनच्या बाटलीची किंमत तीच राहते. त्यामुळे खोली महाग घेतली म्हणून यांच्यावर कात्री चालवायची नाही.

'गुणोत्तराच्या प्रमाणात' म्हणजे शाळेतला त्रैराशिकाचा हिशोब. कंपनी देणार ते भाडं वर, दवाखान्याने लावलं ते भाडं खाली. मर्यादा ३,०००, खोली ४,००० ची, तर चारातले तीन भाग मिळतील. खोली ६,००० ची, तर निम्मे.

'कक्षश्रेणीनिहाय भिन्न आकारणी' म्हणजे खोलीप्रमाणे दर वेगळे असणं. तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी छोट्या दवाखान्यांत तसं नसतं. डॉक्टरांची फी सगळ्यांना सारखी, फक्त खोलीचं भाडं कमी-जास्त. अशा दवाखान्यात ही वजावट करताच येत नाही. तिथे भाड्यातला फरक तेवढा तुमच्या खिशातून, बाकी पूर्ण मिळायला हवं. ग्रामीण भागातल्या माणसाच्या सगळ्यात कामाचा हा नियम आहे, आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेलाही.

राहिला 'अतिदक्षता कक्ष', म्हणजे आयसीयू. आयसीयूच्या आकारावर ही प्रमाणशीर वजावट लावायला मनाई आहे. मात्र आयसीयूची स्वतःची रोजची मर्यादा पॉलिसीत असू शकते. ती असेल तर मर्यादेपुरतेच पैसे मिळतील.

आता तेच कलम, आपल्या भाषेत

वरची सगळी फोड एकत्र केली तर तीन लाखाच्या, रोजच्या ३,००० भाडेमर्यादेच्या पॉलिसीसाठी ते कलम असं लिहिता येईल:

"आम्ही खोलीचं भाडं नर्सिंग धरून रोज ३,००० रुपयांपर्यंत देऊ. तुम्ही यापेक्षा महाग खोली घेतली तर दोन गोष्टी होतील. एक, खोलीभाड्यातला फरक तुम्ही भराल. दोन, डॉक्टर, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही आम्ही त्याच प्रमाणात कमी देऊ. खोली दुप्पट भाड्याची असेल तर या खर्चाचे निम्मेच पैसे मिळतील. औषधं, शरीरात बसवलेल्या वस्तू, तपासण्या आणि आयसीयू यांवर ही कपात होणार नाही. दवाखाना सगळ्या खोल्यांतल्या पेशंटना सारखेच दर लावत असेल तर डॉक्टर आणि ऑपरेशनच्या खर्चावरही कपात होणार नाही. तुम्हाला फक्त भाड्यातला फरक भरावा लागेल."

मूळ कलमापेक्षा हे लांबलं, हे खरं आहे. सोपं करणं म्हणजे छोटं करणं, असा एक गैरसमज आहे, आणि या कलमाच्या बाबतीत तो फार नडतो. कारण याचं जे 'छोटं' रूप गावोगाव ऐकायला मिळतं ते असं: 'महाग खोली घेतली तर वरचा फरक तुम्ही भरायचा, बस्स.' ऐकायला सोपं, आणि साफ चुकीचं. मुख्य मार बसतो तो दुसऱ्या वाक्याने, आणि तेच गळालेलं असतं.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. 'महाग खोली घेतली की सगळं बिल त्या प्रमाणात कापतात' असं काही जण सांगतात. हेही अर्धसत्य, कारण यात औषधं-तपासण्यांची सूट गळाली. हे ऐकून बसलेला माणूस जास्तीची कपात झाली तरी तक्रार करत नाही, त्याला वाटतं नियमच तसा आहे.

एक बिल घेऊन हिशोब करू

समजा, एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टरवरून उतरताना पाय मोडला. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन करून प्लेट बसवली. पॉलिसी तीन लाखाची, भाड्याची मर्यादा रोजची ३,०००. घरच्यांना वाटलं, विमा आहे तर जरा बरी खोली घेऊ, येणारे-जाणारेही असतात. रोजच्या ६,००० ची स्पेशल रूम घेतली. पाच दिवस मुक्काम. दवाखाना खोलीप्रमाणे दर लावणारा.

बिल असं आलं:

खोली आणि नर्सिंग, ५ दिवस: ३०,०००
सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट: ६०,०००
औषधं आणि साहित्य: १८,०००
प्लेट आणि स्क्रू: २२,०००
एक्स-रे, रक्ततपासण्या: १०,०००
एकूण: १,४०,०००

घरच्यांचा मनातला हिशोब असा, की भाड्यात रोजचा ३,००० चा फरक, पाच दिवसांचे १५,००० आपले, बाकी सव्वा लाख कंपनी देईल.

कलमाप्रमाणे काय होतं ते बघा. मर्यादा ३,००० आणि खोली ६,००० ची, म्हणजे प्रमाण निम्मं. खोलीचे मिळणार १५,०००. सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट यांच्या ६० हजारांतले मिळणार ३०,०००. औषधांचे १८,०००, प्लेटचे २२,००० आणि तपासण्यांचे १०,००० पूर्ण. बेरीज झाली ९५,०००. घरातून भरायचे ४५,०००. धरून चालले होते त्याच्या तिप्पट.

आता हाच पेशंट ३,००० च्या खोलीत राहिला असता तर? त्या खोलीच्या दराने सर्जन-थिएटरचा खर्च, समजा, ४५,००० झाला असता. भाडं १५,०००, औषधं-प्लेट-तपासण्या तेवढेच ५०,०००. एकूण बिल १,१०,००० आणि ते सगळं मर्यादेतलं. म्हणजे पाच दिवसांच्या बऱ्या खोलीची खरी किंमत ४५,००० रुपये पडली.

आणि कंपनीने किंवा कंपनीच्या वतीने बिल तपासणाऱ्या टीपीएने चुकून सगळ्याच बिलावर निम्मी कात्री चालवली तर? १,४०,००० चे ७०,००० मंजूर होतील. घरच्यांना वाटेल, 'खोलीमुळेच झालं.' पण यातले २५,००० कापायला नको होते: औषधांचे ९,०००, प्लेटचे ११,०००, तपासण्यांचे ५,०००. म्हणजे मथळ्यातल्या सत्तर हजारांच्या कात्रीत ४५ हजार नियमाने गेले आणि २५ हजार नियम मोडून. ते २५ हजार परत मागता येतात.

याच हिशोबातला दवाखाना सगळ्यांना सारखा दर लावणारा असता, तर ६० हजारांना हातच लावता आला नसता. घरच्यांचा मनातला १५ हजारांचा हिशोब तिथे बरोबर ठरला असता.

सोय म्हणून वरच्या बिलात दोन गोष्टी धरल्या नाहीत. प्रत्येक बिलात काही किरकोळ वस्तू विम्यात बसत नाहीत, त्या वेगळ्या वजा होतात. आणि काही पॉलिसींत 'को-पे' असतं, म्हणजे मंजूर रकमेचा ठरावीक टक्का ग्राहकाने भरायचा. आरोग्य संजीवनीत तो ५ टक्के आहे.

आपल्या पॉलिसीत हे कुठे शोधायचं?

पॉलिसीचं पुस्तक चाळत बसू नका. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक सुधारित नमुन्यात द्यावं लागतं, इंग्रजीत त्याला 'सीआयएस' म्हणतात. विमा रक्कम किती, काय मिळतं, काय मिळत नाही, किती दिवस थांबावं लागतं, कशावर मर्यादा आहे, तक्रार कुठे करायची, हे सगळं त्यात थोडक्यात असतं. ग्राहकाने मागितलं तर ते त्याच्या भाषेत देण्याची तरतूद आहे. म्हणजे मराठीत मागायचा तुमचा हक्क आहे. एजंट 'इंग्रजीतच येतं' म्हणाला तर कंपनीला ईमेल करून मागा.

पत्रकात मर्यादा सांगणारा भाग शोधा. खोलीभाडं, आयसीयू, को-पे हे तिथेच असतात. मोबाईलवर पीडीएफ उघडली असेल तर शोधायच्या चौकोनात Room Rent आणि Proportionate असे दोन शब्द टाकून बघा. तेवढ्याने कलमाच्या ओळीवर पोचता.

सापडलेला आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा: 'खोली रोज अमुक रुपये, नर्सिंग धरून किंवा सोडून.' रात्री दोन वाजता पेशंटला घेऊन पळताना पीडीएफ उघडून बघायला कोणाला सुचणार आहे? जी सून किंवा मुलगा दवाखान्याची कामं बघतो त्याच्या मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो असू द्या.

टक्का काढताना मूळ विमा रक्कम धरायची की बोनस मिळून वाढलेली, हेही बघा. बऱ्याच ठिकाणी मूळ रक्कमच धरतात.

सोपं लिहिलेलं बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं?

बचत गटात, सोसायटीत किंवा गावच्या ग्रुपवर अशी माहिती कोणी सोपी करून टाकतो. चांगलं काम आहे. पण पुढे पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. ज्याने मूळ पॉलिसी पाहिलेली नाही अशा माणसाला ते सोपं रूप वाचायला द्या आणि वरच्यासारखं एक बिल समोर ठेवा. त्याने काढलेली रक्कम आणि मूळ कलमाप्रमाणे येणारी रक्कम एकच आली, तर सोपं केलेलं बरोबर. 'हो हो, समजलं' या उत्तरावर जाऊ नका, आकडा काढायला लावा. 'फरक तुम्ही भरायचा, बस्स' हे वाक्य या परीक्षेत लगेच नापास होतं, कारण ते वाचणारा ४५,००० ऐवजी १५,००० सांगतो.

मात्र एक मर्यादा लक्षात असू द्या. तुम्ही किंवा आम्ही सोपं करून लिहिलेलं कलम हे समजण्यासाठी आहे. वाद झाला तर कागद चालतो तो पॉलिसीचाच. तिथले शब्द खरोखरच दोन अर्थांचे असतील तर न्यायालयं बहुतेक वेळा ग्राहकाच्या बाजूचा अर्थ धरतात, कारण कलम लिहिलंय कंपनीने. पण शब्द स्पष्ट असतील आणि आपल्याला फक्त समजले नसतील, तर 'मला कळलं नव्हतं' एवढ्यावर सहसा सुटका होत नाही.

भरती होताना

तातडीची केस नसेल तर दवाखान्याच्या विमा डेस्कला दोन प्रश्न विचारा. 'रोजच्या तीन हजारांत, नर्सिंग धरून, कोणती खोली बसते?' आणि 'तुमच्याकडे डॉक्टर आणि ऑपरेशनचे दर खोलीप्रमाणे बदलतात का?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर ते लेटरहेडवर लिहून मागा किंवा दरपत्रकाचा फोटो काढा. राज्याच्या नियमाप्रमाणे खासगी दवाखान्यांनी दरपत्रक दिसेल असं लावायचं असतं.

स्वस्त खोली रिकामी नाही म्हणून वरची खोली घ्यावी लागली, असं पुष्कळदा होतं. तेव्हा 'मर्यादेतली खोली उपलब्ध नव्हती' असं दवाखान्याकडून लिहून घ्या आणि जागा झाली की खाली हलवायला सांगा. या चिठ्ठीमुळे पूर्ण पैसे मिळतीलच असं नाही, पण निदान बोलायला कागद असतो. नुसतं तोंडी सांगणं तक्रारीत टिकत नाही.

कपात झाल्यावर

मंजुरीचं पत्र घ्या. मोबाईलवर आलेला एक आकडा पुरत नाही, कोणत्या खर्चातून किती आणि का कापलं याचा तक्ता मागा. 'प्रपोर्शनेट डिडक्शन' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे खूण करा. ही खूण औषध, इम्प्लांट, तपासणी किंवा आयसीयूच्या ओळीवर आली असेल तर तिथे चूक आहे. डॉक्टर-थिएटरच्या ओळीवर आली असेल तर भाग जाऊन बघा: मर्यादा भागिले प्रत्यक्ष भाडं. तेवढंच प्रमाण लावलंय ना?

चूक दिसली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ईमेल साधा असू द्या: पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, कोणती ओळ, किती रुपये, आणि 'औषधं, इम्प्लांट व तपासण्या हे संलग्न वैद्यकीय खर्चात येत नाहीत, म्हणून ही रक्कम परत मिळावी' हे वाक्य. सोबत बिल आणि मंजुरीचा तक्ता जोडा. भांडणाची भाषा लागत नाही, ओळ आणि आकडा लागतो.

आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, पत्ता bimabharosa.irdai.gov.in. फोनवर करायची असेल तर १५५२५५ हा टोल फ्री क्रमांक आहे.

कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी साधारण वर्षभराची मुदत असते, ती घालवू नका. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, अर्ज cioins.co.in वर ऑनलाइन भरता येतो. फी नाही, वकीलही लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, त्यामुळे २५ हजारांच्या कपातीसाठी तालुक्याच्या कोर्टात चकरा मारायची गरज नाही.

पॉलिसी नवी असेल तर

हे वाचून पॉलिसी काढून बघितली आणि भाड्याची मर्यादा फारच कमी निघाली, तर ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. किरकोळ वजावट करून हप्त्याचे पैसे परत मिळतात. ती मुदत उलटली असेल तर नूतनीकरणाच्या निदान दीड-दोन महिने आधी कंपनीला विचारा, की भाडेमर्यादा काढायला किती जास्त हप्ता पडेल. बऱ्याच कंपन्या तशी सोय देतात. तीन लाखाच्या पॉलिसीत भाडेमर्यादा काढणं आणि मर्यादा ठेवून विमा रक्कम पाच लाख करणं, या दोन्हींचा हप्ता विचारून ताडून बघा. १ टक्क्याच्या पॉलिसीत रक्कम पाच लाख केली की रोजची मर्यादा आपोआप ५,००० होते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या पुष्कळ दवाखान्यांत तेवढ्यात साधी सिंगल रूम बसते.